चंद्र ही देवी, सूर्य हा देव: हाइनेच्या दोन कवितांच्या अनुवादातला लिंगाचा पेच

पार्श्वभूमी

पुण्यातून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाच्या अनुवाद विभागात हाइनरिश हाइने (१७९७–१८५६) या जर्मन कवीच्या दोन कविता घ्यायचं ठरलं. हाइने १८२५ आणि १८२६ साली नॉर्डर्नाय या बेटावर जाऊन राहिला होता. तिथल्या मुक्कामाशी जोडलेली 'उत्तर समुद्र' ही त्याची मुक्तछंदातली कवितामाला १८२७ साली निघालेल्या 'बूख देअर लीडर' या संग्रहात आहे. अंकासाठी निवडलेल्या दोन्ही कविता याच मालेतल्या, आणि दोन्हींत समुद्रावरचा सूर्यास्त आहे.

पहिल्या कवितेत सूर्य आणि चंद्र हे एकेकाळचं नवराबायकोचं जोडपं. तारे त्यांची मुलं. लोकांच्या कुचाळक्यांनी जोडप्यात बेबनाव झाला आणि दोघं वेगळी झाली. आता सूर्यदेव दिवसा एकटाच मिरवतो, आणि रात्री चंद्र, म्हणजे बिचारी आई, पोरकी मुलं घेऊन आभाळातून फिरते. रोज संध्याकाळी ती ढगाआडून मावळत्या नवऱ्याकडे बघते, त्याला हाक मारू पाहते. तो रागाने आणि दुःखाने दुप्पट लाल होतो आणि समुद्रातल्या आपल्या थंडगार विधुर-शय्येकडे निघून जातो.

दुसऱ्या कवितेत नातं उलटं आहे. इथे सूर्य ही देखणी बाई आहे. सोयीचं लग्न म्हणून तिने म्हाताऱ्या समुद्रदेवाशी संसार मांडलाय. दिवसभर ती जांभळ्या पोशाखात, हिऱ्यांनी लखलखत आभाळात फिरते. संध्याकाळी नाइलाजाने त्या ओल्या घरात परतते. समुद्रदेव तिला घालूनपाडून बोलतो, ती रडत बसते, आणि तिच्या रडण्याला कंटाळून तो पिवळं फ्लॅनेलचं जाकीट आणि पांढरी रात्रीची टोपी अशा अवतारात हवा खायला पाण्यावर येतो.

अनुवादिका महाविद्यालयात जर्मन शिकवतात. संपादकांना जर्मन येत नाही, पण मराठी कवितेचा कान पक्का आहे. दोघांची आणि अंकाची नावं इथे दिलेली नाहीत. वेळ कमी होता, म्हणून अनुवादिकेने पहिला खर्डा हाताशी असलेल्या इंग्रजी भाषांतरावरून केला आणि मूळ जर्मन नंतर ताडून बघायचं ठरवलं. पुढचा बराच घोळ या क्रमामुळे झाला.

अडचण

जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे, 'दी झॉने'. आणि चंद्र पुल्लिंगी, 'देअर मोंड'. लॅटिनमध्ये बरोबर उलट: सूर्य 'सोल' पुल्लिंगी, चंद्र 'लूना' स्त्रीलिंगी. मराठीत दोन्ही पुल्लिंगी.

दुसरी कविता जर्मन व्याकरणाच्या प्रवाहाबरोबर जाते: सूर्य मुळातच 'ती', मग तिला बायको करायला काहीच खटपट नाही. पहिली कविता मात्र त्या प्रवाहाविरुद्ध जाते. हाइनेला इथे सूर्य नवरा हवा होता आणि चंद्र बायको, म्हणजे त्याची स्वतःची भाषाच त्याच्या आड येत होती. त्याने काय केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. पहिल्या कडव्यात त्याने रोजच्या वापरातले शब्द ठेवले. लालबुंद 'झॉने' समुद्रात उतरते, गुलाबी आकृती 'तिच्या'मागे तरंगतात. समोरून फिकट 'मोंड' वर येतो आणि 'त्याच्या'मागे तारे. दुसऱ्या कडव्यात तो एकदम पुराणकथेत शिरतो आणि नावं बदलतो: 'लूना, दी ग्योटिन, उंट झोल, देअर गॉट', म्हणजे लूना ही देवी आणि सोल हा देव. पुढे सूर्यासाठी तो 'झॉनेनगॉट' हा सामासिक शब्द वापरतो, ज्याचं लिंग शेवटच्या पदावरून, म्हणजे 'गॉट' (देव) वरून ठरतं. जर्मन वाचकाला अशी दुहेरी अदलाबदल दिसते: काही ओळींपूर्वी जी 'ती' होती तो देव झाला, आणि जो 'तो' होता ती देवी झाली.

इंग्रजी भाषांतरात यातलं काही दिसत नव्हतं. इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंग नाही. सूर्याला 'तो' आणि चंद्राला 'ती' म्हणायचा तिथे काव्यसंकेत आहे. त्यामुळे पहिल्या कडव्यातली स्त्री-सूर्य आणि पुरुष-चंद्र ही मांडणी इंग्रजीत गळून गेली होती, आणि पुढची देव-देवी आपोआप पटण्यासारखी झाली होती. त्यावरून केलेल्या मराठी खर्ड्यात असं आलं:

> एके काळी आकाशात तळपत होते
> चंद्र आणि सूर्य, पती आणि पत्नी…
> …आता रात्री एकटाच चंद्र भटकतो,
> ती बिचारी आई

संपादकांनी शेवटच्या दोन ओळींखाली रेघ मारली. "ताई, 'भटकतो' आणि 'ती' एका श्वासात बसत नाहीत. आणि वरच्या ओळीत पत्नी कोण आहे?"

आक्षेप बरोबर होता. जर्मन क्रियापदाला लिंग नाही. लिंग दिसतं ते उपपद, सर्वनाम आणि विशेषणात. अनेकवचनात तर जर्मन लिंगभेद करतच नाही. मराठीत क्रियापदही लिंग बोलतं (भटकतो, भटकते), अनेकवचनही बोलतं (आले, आल्या, आली), आणि 'आ'कारान्त विशेषणंसुद्धा. म्हणून जर्मनमध्ये जे लिंग ओळीत एकदा हळूच सूचित होतं, ते मराठीत दर दोन शब्दांनी मोठ्याने ऐकू येतं. इंग्रजीत चंद्राला 'ती' म्हणायला फक्त सर्वनाम बदलावं लागतं. मराठीत 'चंद्र भटकते' हे वाक्यच चुकीचं आहे. सर्वनाम बदलून भागत नाही; नाम तरी बदलावं लागतं, नाहीतर वाक्याची रचना.

भाषेपलीकडची आणखी एक आडकाठी होती. मराठी मुलाचा चंद्र हा चांदोमामा असतो, आईचा भाऊ. पुराणांत तो दक्षाच्या सत्तावीस मुलींचा, म्हणजे सत्तावीस नक्षत्रांचा नवरा आहे. त्यामुळे चंद्राभोवती चांदण्या म्हटलं की वाचकाला बायका दिसतात. हाइनेला तिथे मुलं हवी आहेत.

तपासलेले पर्याय

चंद्र-सूर्य दोन्ही पुल्लिंगीच ठेवून टाकावे का, हा विचार सगळ्यात आधी बाद झाला. याचा दाखला हाइनेच्याच एका प्रसिद्ध कवितेत आहे. उत्तरेतलं एकाकी सुरूसारखं झाड दूरच्या ताडाचं स्वप्न बघतं. जर्मनमध्ये पहिलं झाड पुल्लिंगी, ताड स्त्रीलिंगी. लेर्मोन्तोव या रशियन कवीने १८४१ साली अनुवाद केला तेव्हा निवडलेली दोन्ही झाडांची नावं स्त्रीलिंगी होती, आणि प्रेमाची ओढ जाऊन नुसता एकाकीपणा उरला. त्युत्चेव या दुसऱ्या रशियन कवीने पहिल्या झाडाचा देवदार करून, म्हणजे रशियनमध्ये पुल्लिंगी शब्द घेऊन, ती ओढ राखली होती. रशियन अभ्यासकांनी या दोन अनुवादांवर पुष्कळ लिहिलंय. आपल्या कवितेत तर प्रकरण आणखी अवघड: इथे लग्न, मुलं आणि विधुराची शय्या आहे. दोघं पुरुष ठेवले तर कथाच उभी राहत नाही.

मग हाइनेचीच युक्ती जशीच्या तशी: 'लूना' आणि 'सोल'. संपादक हसले. महाराष्ट्रात लूना म्हटलं की पायडलवाली मोपेड डोळ्यांपुढे येते, आणि तीही स्त्रीलिंगीच. 'सोल' तर चपलेचा. युरोपीय वाचकाला ही नावं शाळेत शिकलेल्या लॅटिनमधून ओळखीची असतात. मराठी वाचकाच्या मनात त्या जागी काहीच नाही, आणि जे आहे ते कवितेला मारक आहे.

तिसरा पर्याय अनुवादिकेला आवडला होता आणि दुसरा खर्डा त्यावर उभा राहिला: चंद्राचं 'चंद्रा' करायचं. बाईचं नाव म्हणून ते रुळलेलं आहे, लहान आहे, लयीत बसतं. दुसऱ्या कवितेसाठी याच धर्तीवर 'सूर्या'. आणि तिला तर ऋग्वेदाचा आधार. दहाव्या मंडलातल्या पंच्याऐंशीव्या सूक्तात सवित्याची मुलगी सूर्या हिचं सोमाशी, म्हणजे पुढे जो चंद्र मानला गेला त्याच्याशी, लग्न लागतं. स्त्रीरूप सूर्य आणि पुरुष चंद्र ही जर्मन जोडी आपल्याकडेही सापडल्याचा आनंद मोठा होता.

पण खर्डा मोठ्याने वाचल्यावर तो आनंद टिकला नाही. मराठीत 'चंद्र' या शब्दाला विभक्ती लागली की त्याचं सामान्यरूप होतं 'चंद्रा-': चंद्राला, चंद्राने, चंद्राचा. 'चंद्रा' या स्त्रीनामालाही विभक्ती लागली की तेच: चंद्राला, चंद्राने. सूर्य आणि सूर्या यांचंही तसंच. 'रात्रभर चंद्राला मुलांची काळजी' ही ओळ ऐकणाऱ्याला पुरुष-चंद्राचीच वाटली. संबोधनातही 'चंद्रा!' हे दोघांना सारखंच. म्हणजे हे स्त्रीरूप फक्त कर्त्याच्या जागी, विभक्ती नसताना जिवंत राहतं आणि बाकी सगळीकडे परत पुरुषात विरघळतं. 'आ' जोडून केलेल्या कुठल्याही स्त्रीनामाला हा धोका आहे. तो छापील पानावर चटकन दिसत नाही. कानाने पकडावा लागतो.

चंद्रिका, ज्योत्स्ना, पौर्णिमा हे शब्दही चाळून झाले. चंद्रिका आणि ज्योत्स्ना म्हणजे चांदणं. चांदण्याला चेहरा नसतो आणि ते ढगाआडून डोकावत नाही. पौर्णिमेची बाजू जरा भक्कम होती. कवितेत मावळत्या सूर्यासमोर चंद्र उगवतोय, आणि हे पौर्णिमेच्या आसपासच घडतं. पण पौर्णिमा ही तिथी आहे, महिन्यातून एकदा येणारी; कवितेतली आई रोज रात्री फिरते.

सूर्याच्या बायका संज्ञा आणि छाया यांची कथा आणावी, अशीही सूचना संपादकांकडून आली. संज्ञा नवऱ्याचं तेज सोसवेना म्हणून निघून गेली होती, तेव्हा विरह तयारच होता. अनुवादिकेने ती नाकारली. त्या कथेत चंद्र नाही आणि कुचाळक्याही नाहीत. समोरासमोर दिसणाऱ्या दोन बिंबांवर ही कविता उभी आहे. त्यातलं एक काढलं की दुसरीच कविता होते.

शेवटी 'चंद्रदेवी' हा समास उरला. 'देवी' हे शेवटचं पद असल्याने लिंग पक्कं, आणि चंद्रदेवीला, चंद्रदेवीने असं सगळ्या विभक्त्यांत टिकणारं. हाइनेच्या 'झॉनेनगॉट'चाच हा सख्खा भाऊ. अडचण एकच: तत्पुरुष समास म्हणून वाचला तर 'चंद्राची देवी', म्हणजे चंद्राची बायको. वाचकाच्या डोक्यात चंद्र आधीच पुरुष असल्याने तो तसाच वाचण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या कवितेसाठी 'सूर्यराणी' केलं तर तिथे हा धोका दुप्पट.

निर्णय आणि कृती

वळण आलं ते दुसऱ्या कवितेमुळे. तिथे हाइनेचं एक साधं विधान आहे: सूर्य ही एक सुंदर स्त्री आहे. अनुवादिकेने ते सहज मराठीत लिहिलं, 'सूर्य ही खरं तर एक देखणी बाई', आणि संपादकांना त्यात काहीही खटकलं नाही. का खटकलं नाही, याचा दोघांनी विचार केला तेव्हा वाट सापडली.

मराठीत 'अमुक म्हणजे तमुक' अशा वाक्यात मधलं हा-ही-हे पहिल्या नामाप्रमाणे चालत नाही. ते दुसऱ्या नामाशी जुळतं. आंबा हे फळ. मुंबई हे शहर. पैसा ही मोठी गोष्ट. क्षमा हा गुण. आंबा पुल्लिंगी असून 'हे', मुंबई स्त्रीलिंगी असूनही 'हे'. रोज बोलताना आपण एका लिंगावरून दुसऱ्या लिंगावर असे सहज जातो आणि कुणाला ठेच लागत नाही. म्हणजे नवीन शब्द घडवायची गरजच नव्हती. एका वाक्यात चंद्राला देवीशी जोडून द्यायचं, आणि पुढे 'देवी', 'आई', 'ती' या शब्दांवर कविता चालवायची. हाइनेची मूळ ओळही याच घडणीची होती.

> एके काळी आभाळात झळाळत होती
> लग्नगाठीने बांधलेली दोघं:
> चंद्र – ही देवी, सूर्य – हा देव,
> आणि भोवती ताऱ्यांची झुंबड,
> लहानगी, निष्पाप लेकरं

पहिल्या ओळीतल्या 'होती' कडे लक्ष द्यावं. चंद्र आणि सूर्य दोन्ही पुल्लिंगी, तेव्हा नेहमीच्या वाक्यात 'झळाळत होते' आलं असतं. पण बाई आणि पुरुष मिळून असलेल्या जोडीला मराठी नपुंसकलिंगी अनेकवचन वापरते: दोघं आली, दोघं होती. एका मात्रेच्या बदलाने जोडपं असल्याची चाहूल लागते, आणि तीही नावं येण्याआधी.

हे वळण काम करायचं तर त्याच्या आधीची जमीन मोकळी हवी होती. पहिल्या कडव्यात 'फिकट चंद्र उगवतो' असं ठामपणे पुल्लिंगी आलं असतं, तर चार ओळींनी त्याला देवी करणं जड गेलं असतं. तिथे मराठीचा एक तयार शब्द कामी आला: बिंब. 'लालबुंद सूर्यबिंब उतरतं', 'चंद्रबिंब वर येतं'. दोन्ही नपुंसक. पहिल्या कडव्यात दोन वस्तू दिसतात, दुसऱ्यात त्या वस्तूंची माणसं होतात. दुसऱ्या कवितेची सुरुवातही याच पद्धतीने केली: देखणं सूर्यबिंब शांतपणे समुद्रात उतरलं, आणि मग 'सूर्य ही खरं तर एक देखणी बाई'.

यात मूळचं काहीतरी गेलं, हे मान्य करायला हवं. जर्मनमध्ये 'ती'चा देव आणि 'तो'ची देवी होते. मराठीत 'ते'ची देवी आणि 'ते'चा देव. फुली जाऊन नुसती पायरी राहिली. फुली राखण्यासाठी पहिल्या कडव्यात सूर्याला स्त्रीलिंगी करावं लागलं असतं आणि त्यासाठी आणखी एक कृत्रिम शब्द. एका क्षणाच्या चमत्कृतीसाठी कवितेच्या तोंडालाच अडखळ नको, असा निर्णय झाला. माझ्या मते तो योग्य होता.

वळणानंतर एक नियम कसोशीने पाळावा लागला: 'चंद्र' हे नाम विभक्तीशिवाय, कर्ता म्हणून पुन्हा येऊ द्यायचं नाही. 'चंद्र फिरते' म्हणता येत नाही आणि 'चंद्र फिरतो' म्हटलं की सगळं कोसळतं. हाइने लूनाचं नाव तीनदा घेतो. पहिल्या जागी 'चंद्र – ही देवी', दुसऱ्या जागी 'ती देवी, बिचारी आई', तिसऱ्या जागी 'हळव्या मनाची देवी'. विभक्तीसह मात्र चंद्र चालतो, कारण 'चंद्राच्या डोळ्यांत पाणी' किंवा 'चंद्राने हाक मारली' या रचनांत क्रियापद चंद्राचं लिंग सांगत नाही. ते 'हाक'शी जुळतं. तपासणीसाठी अनुवादिकेने छापील प्रतीवर लिंग दाखवणारा प्रत्येक शब्द (क्रियापद, विशेषण, सर्वनाम) पेन्सिलीने अधोरेखित केला आणि तो कुणाशी जुळतोय हे समासात लिहिलं. तेव्हा एक निसटलेला 'तो' सापडला.

ताऱ्यांच्या बाबतीत 'चांदण्या' आणि 'तारका' दोन्ही टाळले, कारण सत्तावीस बायकांची आठवण. 'ताऱ्यांची लेकरं' घेतलं. लेकरू नपुंसक, त्यामुळे मुलगे की मुली हा प्रश्नच नाही, जसा तो जर्मनमध्येही नाही. कुचाळक्या करणाऱ्यांसाठी हाइने 'दुष्ट जिभा' म्हणतो. खर्ड्यात 'दुष्ट जिभा कुजबुजल्या' होतं. जर्मन अनेकवचनात लिंग कळत नाही, मराठीत 'कुजबुजल्या' म्हटलं की चाळीतल्या बायका दिसतात, आणि संसार मोडल्याचा दोष विनाकारण त्यांच्यावर जातो. म्हणून 'कुचकी तोंडं कुजबुजली'.

देवीच्या हाकेवर सगळ्यात जास्त चर्चा झाली. जर्मनमध्ये ती नवऱ्याला जवळिकीच्या एकवचनाने बोलावते. मराठीत 'ये ना' करता आलं असतं. संपादकांचं म्हणणं 'अहो' आणावं: "अहो म्हटलं की ती बायको आहे हे व्याकरणाशिवाय कळतं." मुद्दा बिनतोड होता. पण 'अहो'ने देवी थेट माजघरात येऊन उभी राहत होती आणि पुढच्या ओळींतला सूर्याचा जांभळा संताप विनोदी वाटायला लागला. तडजोड अशी झाली की 'अहो' गाळायचं, पण आज्ञार्थ आदराचा ठेवायचा: 'या! या ना, मुलं आठवण काढताहेत.' नवऱ्याला अहोजाहो करणारी बायको 'या'मध्ये पुरेशी ऐकू येते. दुसऱ्या कवितेत उलट धोरण. तिथला सूर खट्याळच आहे, म्हणून समुद्रदेवाच्या तोंडी 'ए भवाने, दिवसभर दुसऱ्यांसाठी तळपतेस, आणि रात्री माझ्यापाशी गार पडतेस!' असं आलं. 'तळपतेस' आणि 'पडतेस' मधलं स्त्रीलिंग जर्मन क्रियापदात नाही. इथे मराठीने आपल्या खिशातून दोन नाणी जास्त टाकली.

काय निष्पन्न झालं

पहिलं प्रूफ आलं तेव्हा सगळ्यात महत्त्वाची ओळ बिघडली होती. मुद्रितशोधकाने 'चंद्र ही देवी'चं 'चंद्रही देवी' केलं होतं. त्याची चूक म्हणता येत नाही: 'ही' हे सर्वनाम आणि 'सुद्धा' या अर्थाचं जोडून लिहायचं 'ही' यांचं रूप एकच, आणि चंद्र देवी कसा असेल, तेव्हा 'चंद्रसुद्धा' असाच अर्थ त्याने लावला. वर दिलेल्या ओळीतल्या आडव्या रेघा या प्रसंगानंतर आल्या. रेघेने शब्द तुटतो, आणि मोठ्याने वाचताना तिथे थांबावंही लागतं, जे या वळणाला हवंच आहे.

अंक निघाल्यावर आलेल्या प्रतिक्रियांत चंद्राला बाई केल्याबद्दल कुणी हरकत घेतली नाही. गोंधळ झाला तो टिपेमुळे. संपादकांनी दोन्ही कवितांच्या वर एक ओळ टाकली होती: 'जर्मन भाषेत सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी आहे.' विधान बरोबर, पण त्याखाली लगेच जी कविता होती तिच्यात चंद्र देवी आणि सूर्य देव. एका वाचकाने पत्रातून विचारलं की टीप चुकली की अनुवाद? दुसऱ्या कवितेला ती टीप चपखल होती. पहिलीला ती अर्धवट होती, कारण तिथे हाइने जर्मन सोडून लॅटिनकडे गेलाय हे तिने सांगितलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

कवितांचा क्रम उलटवायला हवा होता. सूर्य बाई असलेली कविता आधी आली असती तर टीप तिच्याशी जुळली असती, 'सूर्य ही एक देखणी बाई' या ढळढळीत वाक्याने वाचकाला या वळणाची सवय झाली असती, आणि मग 'चंद्र – ही देवी' आणखी सहज गेलं असतं. मालेतला मूळ क्रम मात्र तसा नाही. विडंबनाच्या अंगाने जाणारी कविता मागून येते. तेव्हा क्रम राखायचा तर टीप दोन वाक्यांची हवी, किंवा दोन कवितांना दोन वेगळ्या.

इंग्रजीवरून खर्डा करण्यात वेळ वाचला नाही. मधल्या भाषेला व्याकरणिक लिंग नसेल तर नेमकी हीच माहिती तिच्यातून गाळली जाते, आणि मूळ समोर ठेवेपर्यंत काही गळलंय हे कळतही नाही. पहिल्या कडव्यातली सर्वनामं मूळ जर्मनमध्ये सुरुवातीलाच पाहिली असती तर 'चंद्रा'चा अख्खा खर्डा वाचला असता.

'चंद्राई' या शब्दावर पुरेसा विचार झाला नाही, असं मला वाटतं. यमाई, जानाई, तुकाई या नावांच्या धर्तीवरचा हा शब्द सगळ्या विभक्त्यांत स्त्रीलिंगी राहतो, 'चंद्राची बायको' असा वाचला जात नाही, आणि त्याच्या पोटात आई आहेच. सबंध कवितेसाठी तो फार गावदेवीचा झाला असता. पण 'बिचारी आई' या एका जागी, वळण घेऊन झाल्यावर, 'बिचारी चंद्राई' चाललं असतं आणि तीनदा 'देवी' म्हणण्यातला कोरडेपणा कमी झाला असता.

ही पद्धत सगळीकडे लागू पडत नाही. हाइनेच्या दोन्ही कवितांत 'अमुक ही देवी' म्हणायला जागा होती. आयशेनडॉर्फ या जर्मन कवीच्या चांदरातीच्या कवितेत ती नाही: तिथे पहिल्याच ओळींत आकाशाने पृथ्वीचं हळूच चुंबन घेतल्यासारखं वाटतं. जर्मन आकाश पुल्लिंगी, पृथ्वी स्त्रीलिंगी. मराठीत पृथ्वी किंवा धरती सोयीची आहे, पण आकाश, आभाळ, गगन, नभ सगळे नपुंसक. तिथे वळण घ्यायला ओळी नाहीत, पण 'ने'ची रचना आहे: 'आकाशाने धरतीचं चुंबन घेतलं' यात 'घेतलं' हे चुंबनाशी जुळतं आणि आकाशाचं नपुंसकत्व कुठेच उघड होत नाही. 'आकाश धरतीला चुंबतं' असं वर्तमानकाळी केलं की मात्र 'चुंबतं' लगेच चुगली करतं.